भर दुपारी कॅमेऱ्याचा पडदा वाचताना

निरभ्र आकाशाखाली भर दुपारी जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. त्या उन्हात मिठाचा ढीग किंवा पांढरा कागद ठेवला, तर त्याची झळाळी निट या एककात २५ हजारांच्या पुढे जाते. आपल्या कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा मात्र काहीशे निट देतो. खास उन्हासाठी बनवलेला असेल, तर हजार-दीड हजार. समोरचं दृश्य आणि त्याचं पडद्यावरचं चित्र यांच्यात इतकी तफावत असताना त्या चित्राकडे बघून एक्स्पोजर ठरवणं धोक्याचं असतं. दुपारी केलेलं चित्रीकरण संध्याकाळी खोलीत लॅपटॉपवर बघताना ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांच्यापैकी बहुतेकांनी दुपारी पडद्याचं ऐकलेलं असतं.

खरी अडचण पडद्याच्या उजेडापेक्षा त्याच्यावर पडणाऱ्या प्रतिबिंबात आहे. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फेकते. आकडा लहान वाटतो, पण उजळ आकाशाचे ४ टक्केसुद्धा अडीचशे-तीनशे निट होतात. म्हणजे पडद्यावर जिथे काळं दिसायला हवं, तिथेही तीनशे निटचा राखाडी थर बसतो. आता ५०० निटचा पडदा घ्या. त्यातला पांढरा रंग प्रतिबिंबासकट ८०० होतो आणि काळा ३००. दोघांत तिपटीचाही फरक उरत नाही. अंधाऱ्या खोलीत तोच पडदा कित्येकशे पटींचा फरक दाखवत असतो. सावलीतले सगळे तपशील या राखाडी थरात बुडतात. चेहरा काळवंडलेला दिसतो, आपण लेन्सचं छिद्र उघडतो आणि उजळ भाग जळून जातात.

यावर दोन उपाय आहेत, आणि दोन्ही एकाच तराजूत तोलून बघता येतात. महागडा उपाय म्हणजे १,५०० निटचा पडदा. प्रतिबिंब तेवढंच राहिलं, तर १,८०० विरुद्ध ३००, म्हणजे सहापट फरक मिळतो. स्वस्त उपाय म्हणजे जुन्याच ५०० निटच्या पडद्यावर काळ्या कापडाचं किंवा पुठ्ठ्याचं हूड बसवायचं. त्यामुळे प्रतिबिंब दहाव्या भागावर, म्हणजे ३० निटवर आलं, तर ५३० विरुद्ध ३० असा सतरा-अठरापट फरक मिळतो. चारपाचशे रुपयांचं हूड हजारो रुपयांच्या पडद्याला मागे टाकतं. म्हणून ब्राइटनेसच्या मेनूला हात लावण्याआधी पडद्यावर सावली करावी. शक्य असेल तर कॅमेरा चालवणाऱ्याने अंगात गडद शर्ट घालावा. उन्हातला पांढरा शर्ट काचेत आकाशापेक्षाही जास्त चमकतो, आणि पडद्याच्या अगदी समोर कायम आपणच उभे असतो. चष्म्याचीही एक गोम आहे. पोलराइज्ड गॉगल घालून पडदा पाहिला, तर ठरावीक कोनात तो काळाठिक्कर पडतो, कारण एलसीडीतून येणारा प्रकाश स्वतःच पोलराइज्ड असतो. पडदा बिघडला असं वाटून घाबरण्याआधी गॉगल काढून पाहावा.

आता ब्राइटनेस. आपोआप कमीजास्त होणारा पर्याय असेल, तर तो आधी बंद करायचा. नाहीतर ढग आला की पडदा बदलतो, आणि दृश्य बदललं की पडदा, हे कळत नाही. बाहेर उन्हात सरळ कमाल पातळी ठेवावी. सोनीच्या कॅमेऱ्यांत यासाठी मेनूमध्ये ‘सनी वेदर’ नावाचा वेगळा पर्याय असतो. बहुतेक इतर कंपन्यांत पायऱ्यांची पट्टी असते, ती शेवटापर्यंत न्यायची. याची किंमत बॅटरीत मोजावी लागते, कॅमेराही जास्त तापतो. म्हणून शॉट नसताना पडदा विझवावा, आणि कॅमेरा छत्रीखाली असावा. आत, सावलीत किंवा संध्याकाळी मात्र ब्राइटनेस आठवणीने खाली आणायचा. कमाल उजेडाचा पडदा अंधारात बघितला की सगळं चित्र गरजेपेक्षा उजळ वाटतं, आणि मग चूक उलट्या दिशेने होते. मधला सलग क्रमाने उतरत जाणारा करड्या पट्ट्यांचा नमुना कॅमेऱ्यात किंवा कार्डावर ठेवावा. सावलीत उभं राहून शेवटच्या दोन काळ्या पट्ट्या एकमेकींपासून जेमतेम वेगळ्या दिसेपर्यंत ब्राइटनेस फिरवावा, आणि तो आकडा लक्षात ठेवावा. ती आपली सावलीतली पातळी.

पण एवढं सगळं करूनही उन्हातला पडदा फक्त चौकट बघण्यासाठी वापरावा, असं माझं ठाम मत आहे. माणूस कुठे उभा आहे, क्षितिज तिरकं आहे का, कोपऱ्यात कुणाचं डोकं घुसलंय का, एवढं त्याच्यावरून ठरवावं. प्रकाश किती आणि फोकस कुठे, हे प्रश्न पडद्यावरच्या चित्राला विचारू नयेत. ते अशा खुणांना विचारावेत, ज्या राखाडी थरातूनही ठळक दिसतात. फॉल्स कलर आणि फोकस पीकिंग या तशा खुणा आहेत. ब्राइटनेस वाढवण्याचा खरा उपयोग या खुणा नीट दिसाव्यात एवढाच.

फॉल्स कलर चालू केला की चित्राचे खरे रंग नाहीसे होतात. त्याऐवजी कुठे किती उजेड नोंदला जातोय, ते ठरलेल्या रंगांत दिसतं, हवामानाच्या नकाशात तापमानाचे पट्टे दाखवतात तसं. बराचसा भाग राखाडीच राहतो, मोजक्या पातळ्यांना रंग चढतो. ॲरीच्या ॲलेक्सा कॅमेऱ्यांतली पद्धत सर्वांत परिचित आहे आणि ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट कॅमेऱ्यांतही साधारण तेच रंग येतात. जांभळा म्हणजे काळा रंग तळाला लागला, तिथे तपशील उरला नाही. निळा म्हणजे तळाच्या जवळ. हिरवा म्हणजे मधला करडा, १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या ग्रे कार्डाची पातळी. गुलाबी त्याच्या एक स्टॉप वर. पिवळा म्हणजे पांढऱ्याच्या कड्यावर, आणि लाल म्हणजे कड्याखाली, पांढरं जळालं. इतर कंपन्यांचे रंग वेगळे असतात. नवा मॉनिटर हातात आला की त्याची रंगपट्टी आधी वाचून घ्यावी, हिरवा सगळीकडे हिरव्याच अर्थाचा असेलच असं नाही.

गुलाबी रंगाबद्दल आपल्याकडे विशेष सावध राहायला हवं. परदेशी शिकवण्यांमध्ये ‘चेहरा गुलाबीवर आणा’ असं सर्रास सांगितलं जातं. तो गुलाबी गोऱ्या युरोपीय कातडीला धरून ठरवलेला आहे. ती मधल्या करड्यापेक्षा साधारण दुप्पट प्रकाश परतवते, म्हणून ती एक स्टॉप वर बसते. आपल्याकडचे गव्हाळ आणि सावळे चेहरे हिरव्याच्या आसपास बसतात. उन्हात राबणारा माणूस हिरव्याच्याही थोडा खाली बसतो. त्याला ओढून गुलाबीवर आणला, तर चेहरा एक स्टॉप किंवा त्याहून जास्त उजळतो. त्याची मूळ कांती पुसली जाते, आणि मागचं आकाशही त्याच्याबरोबर जळतं. कातडीचा रंग जसा आहे तसा राहावा, ही फक्त तांत्रिक बाब नाही, म्हणून इथे घाई करू नये.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, रायगड जिल्ह्यातल्या एखाद्या मिठागरावर चित्रीकरण आहे. एप्रिल, दुपारचे बारा. डोक्याला पांढरं फडकं गुंडाळलेला सावळा माणूस वाफ्यातलं मीठ ओढून काठावर ढीग लावतोय. कॅमेरा ब्लॅकमॅजिक पॉकेट सिनेमा कॅमेरा ६के प्रो. याचा पडदा १,५०० निटचा असून थोडा वर-खाली झुकवता येतो, आणि पोटातच २, ४ व ६ स्टॉपचे एनडी फिल्टर आहेत. आयएसओ ४००, सेकंदाला २५ चित्रं, शटर १/५० सेकंद.

पहिला हिशोब डोक्यात करता येतो. छायाचित्रणातला जुना नियम सांगतो की कडक उन्हात छिद्र एफ १६ असेल, तर शटर आयएसओइतकं, म्हणजे इथे १/४०० हवं. आपलं शटर १/५० आहे, म्हणजे तीन स्टॉप प्रकाश जास्त. छिद्र एफ १६ वरून एफ ५.६ वर आणलं, तर आणखी तीन. एकूण सहा. म्हणून ६ स्टॉपचा एनडी लावला की हिशोब जुळतो. पडदा कसाही दिसत असला, तरी सुरुवात इथून करायची.

मग फॉल्स कलर चालू करायचा. ग्रे कार्ड पूर्ण उन्हात धरलं की ते हिरवं दिसायला हवं, आणि हिशोब बरोबर असेल तर दिसतंच. मिठाचा ढीग त्याच्या दोन-सव्वादोन स्टॉप वर, फिकट राखाडीत बसतो. अजून पिवळा कुठे नाही. माणसाचा चेहरा मात्र हिरव्याच्या बराच खाली, गडद राखाडीत असतो. सूर्य माथ्यावर असल्यामुळे फडक्याची सावली डोळ्यांवर पडते. समोरचं मीठ खालून बराच उजेड वर फेकतं म्हणून निभावतं, नाहीतर डोळे निळ्यात गेले असते.

इथे एक स्टॉप उघडावा, असं मला वाटतं. चेहरा हिरव्याच्या जवळ येतो आणि ग्रे कार्ड गुलाबी होतं. कार्ड गुलाबी झालं म्हणून बिचकायचं कारण नाही. कार्ड उन्हात आहे, चेहरा सावलीत, आणि आपली गोष्ट चेहऱ्याची आहे. आता ढिगाची सूर्याकडची बाजू तपासायची. मीठ सव्वातीन स्टॉप वर गेलेलं असेल. लॉग किंवा रॉ नोंदणीत तेवढी जागा सहसा असते. वाफ्यातल्या पाण्यावर सूर्याचे कवडसे लाल होतील. ते होऊ द्यावेत, कारण सूर्याच्या थेट चमकेत डोळ्यालाही तपशील दिसत नाही. पण ढिगाच्या उतारावर लाल सलग पसरत असेल, तर अर्धा स्टॉप मागे यायचं. ठिपक्यांचा लाल चालतो, पसरलेला लाल चालत नाही. ही ओळख एकदा बसली की निर्णय काही सेकंदांत होतो.

एक स्टॉप कसा उघडायचा, यात फोकसचा प्रश्न दडलेला आहे. एफ ५.६ वरून एफ ४ वर गेलं की प्रकाश मिळतो, पण फोकसची खोली घटते. ५० मिमी लेन्स आणि माणूस ३ मीटरवर असेल, तर एफ ५.६ ला साधारण ८० सेंटिमीटरची पट्टी फोकसमध्ये राहते, एफ ४ ला साठेक सेंटिमीटरची. माणूस वाकतोय, सरळ होतोय, फळी मागे ओढतोय. साठ सेंटिमीटरमधून तो सतत आत-बाहेर करणार. त्याऐवजी एनडी ६ वरून ४ स्टॉपवर आणला आणि छिद्र एफ ८ केलं, तरी मिळणारा प्रकाश तोच एक स्टॉप जास्त. पण खोली मात्र सव्वा मीटरच्या घरात जाते. पार्श्वभूमी थोडी कमी धूसर होते, हे खरं. पण भर उन्हात एकट्याने फोकस सांभाळणाऱ्याने मी तरी एफ ८ घ्यावं असं सांगेन.

एक्स्पोजर ठरलं की फॉल्स कलर बंद, आणि मगच फोकस पीकिंग चालू. दोन्ही एकदम चालू ठेवू नयेत. फॉल्स कलरच्या रंगांवर पीकिंगच्या रंगीत रेषा चढल्या की कुठला लाल जळण्याचा आणि कुठला फोकसचा, याचा घोळ होतो. कॅमेऱ्यावर दोन वेगळी बटणं या दोन कामांना नेमून द्यावीत, म्हणजे उन्हात मेनू चाळावा लागत नाही.

पीकिंग काम करतं ते कडा शोधून. शेजारशेजारच्या ठिपक्यांत उजेडाचा फरक झटकन बदलत असेल, तर तिथे फोकस आहे असं मानून कॅमेरा त्या कडेवर रंगीत रेषा ओढतो. अंतर किती, वस्तू कोणती, हे त्याला कळत नाही. कडक ऊन त्याला इथेच फसवतं. उन्हातल्या सावल्यांच्या कडा इतक्या धारदार असतात की त्या किंचित फोकसबाहेर असल्या तरी रेषा उमटतात. मिठाचा खडा न् खडा चमकत असतो. पीकिंगची पातळी ‘हाय’वर ठेवली, तर पुढच्या ढिगापासून मागच्या बांधापर्यंत अख्खं चित्र रंगतं, आणि सगळंच फोकसमध्ये असल्याचा भास होतो. अशा खरबरीत, चमकदार दृश्यात पातळी ‘लो’वर आणावी. झाडीचा पाला, विटांची भिंत, जरीची साडी यांनाही हेच लागू आहे. चेहऱ्याचा जवळचा शॉट असेल तर उलट. कातडी गुळगुळीत असते, ‘लो’वर तिच्यात काहीच उमटत नाही. तिथे पातळी वाढवून भुवया, पापण्या आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांवर लक्ष ठेवावं.

पातळी योग्य आहे की नाही, हे कळायची खूण सोपी आहे. फोकसची रिंग हळूच फिरवली, तर रंगीत रेषांचा पट्टा दृश्यातून पुढे-मागे सरकताना दिसला पाहिजे. तो सरकत नसेल, नुसता जाड-बारीक होत असेल, तर पातळी जास्त आहे. रिंग डोळ्याच्या पुढे न्यायची, मग मागे, आणि रेषा पापणीवर सर्वांत ठळक होईल तिथे थांबायचं. रेषा दिसली की लगेच थांबू नये. रेषा फोकसच्या अलीकडेच उमटायला लागते.

रंगाची निवड दृश्यावरून. कोकणातल्या जांभ्या दगडासमोर किंवा लाल मातीत लाल रेषा हरवते, भातखाचरात हिरवी. पांढरी आणि पिवळी मिठासमोर तर निरुपयोगीच. मिठागरावर लाल चांगली दिसते. जिथे सोय असेल, तिथे पडद्यावरचं चित्र कृष्णधवल करून त्यावर रंगीत पीकिंग ठेवावं. उन्हात याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही दिसत नाही. नोंदणीवर त्याचा परिणाम होत नाही ना, हे एकदा चाचणी करून पाहावं.

पीकिंगची एक मर्यादा पडद्याच्या आकारातून येते. ६के चित्रात २ कोटींहून जास्त ठिपके नोंदले जातात, तर १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर जेमतेम २१ लाख मावतात. दहाव्या भागात आकसलेल्या चित्रात थोडा सुटलेला फोकससुद्धा कुरकुरीत दिसतो, आणि त्या चित्रावरून पीकिंग ठरत असेल, तर तेही त्याला पास करतं. म्हणून महत्त्वाच्या शॉटआधी चित्र मोठं करून बघायचं. या कॅमेऱ्यात पडद्यावर दोनदा टिचकी मारली की भाग मोठा होतो. पीकिंगने जागा सापडते, मोठं करून खात्री होते.

लॉगमध्ये नोंदणी करणाऱ्यांना आणखी एका सापळ्याची माहिती हवी. लॉगचं चित्र मुळातच फिकट, कमी फरकाचं असतं. त्यात कडा मऊ दिसतात आणि पीकिंग दुबळं पडतं. तेव्हा एक पायरी वाढवावी, किंवा नेहमीच्या रंगांत दाखवणारा लट पडद्यापुरता लावून बघावा. फॉल्स कलरची फसगत त्याहून मोठी आहे. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये मधला करडा ४१ टक्क्यांवर बसतो, पांढरा कागद ६१ वर, आणि सेन्सर भरून वाहायला लागतो तो सुमारे ९४ वर. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरचा फॉल्स कलर साध्या टीव्हीच्या पट्टीवर असेल, तर त्याचा लाल ९९ च्या वरच पेटतो. म्हणजे मीठ पूर्ण जळालं तरी पडद्यावर लाल एकदाही दिसत नाही, आणि आपण निश्चिंतपणे शूट करत राहतो. मॉनिटरच्या मेनूमध्ये येणाऱ्या सिग्नलचा लॉग निवडायची सोय असते, ती आधी तपासावी. फॉल्स कलर नसलेल्या सोनी कॅमेऱ्यावर झेब्राची खालची मर्यादा ‘९४+’ ठेवली, तरी निदान जळण्याची सूचना मिळते. चेहऱ्याची पातळी मात्र तिच्यावरून कळत नाही.

शेवटी उन्हातली एक गोष्ट अशी की तिला कुठलीच सेटिंग पुरत नाही. तापलेल्या मिठागरावर, डांबरी रस्त्यावर किंवा वाळूवर दुपारी हवा थरथरते. लांब लेन्स लावून दूरच्या माणसावर फोकस केला, तर पीकिंगच्या रेषा जागच्या जागी लुकलुकतात, कधी दिसतात, कधी विरतात. रिंग कितीही नीट फिरवली तरी त्या स्थिर होत नाहीत. पातळी ‘हाय’ करून त्या ठळक करता येतात, पण चित्रात माणूस तसाच वितळल्यासारखा राहतो. रेषा लुकलुकत असतील आणि जवळच्या बांधावर त्या स्थिर असतील, तर दोष फोकसचा नाही, हवेचा आहे. तेव्हा लेन्स बदलावी, माणसाच्या जवळ जावं, आणि दूरचा शॉट सकाळी आठच्या आत, जमीन तापायच्या आधी घ्यावा.